‘आत नीट दिसलं नाही तर काय कराल?’

“मी ४९ वर्षांची, फोंड्याजवळ राहते. तीन महिन्यांत दोनदा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, पाठीपर्यंत गेली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरलंय, तारीख तीन आठवड्यांवर आहे. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. सर्जन म्हणाले, ‘छोटं ऑपरेशन आहे, काळजी करू नका,’ आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझी आत्या १९८६ साली ऑपरेशनला गेली ती घरी आलीच नाही. देवीचा कौल घेतला, उजवा प्रसाद झाला. तरी रात्री दोनला जाग येते आणि वाटतं, भुलीतून मी उठलेच नाही तर? मिस्टर म्हणतात, तू नको तेवढा विचार करतेस. डॉक्टरांना फार विचारलं तर ते रागावतील आणि राग माझ्या ऑपरेशनवर निघेल, असंही मनात येतं. ऑपरेशन पुढे ढकलू का?”
— फोंडा तालुक्यातील एक वाचक

ताई,

मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. ट्रॉलीवरून आत आलेल्या माणसाचा हात धरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं. घाबरलेले सगळेच असत, हात सगळ्यांचेच गार असत. पण आत काय होणार आहे हे ज्यांना कुणीतरी बसून सांगितलेलं असे, ते भूलतज्ज्ञ जवळ आले की माझा हात सोडून त्यांच्याकडे बघत. ज्यांना नुसतं ‘काळजी करू नका’ म्हटलेलं असे, त्यांची बोटं मला सोडवून घ्यावी लागत. म्हणून तुमच्या मिस्टरांशी मी सहमत नाही. तुम्ही जास्त विचार करत नाही आहात. विचार करायला लागणारी माहितीच तुम्हाला कुणी दिलेली नाही, आणि ती रिकामी जागा रात्री दोन वाजता आत्याच्या आठवणीने भरते.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमची भीती भुलीची आहे, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही अजून भेटलेलाच नाहीत. सर्जन वेगळे, भूलतज्ज्ञ वेगळे. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांची तपासणी होते, आपल्याकडे लोक त्याला ‘फिटनेस’ म्हणतात आणि रक्त, ईसीजी यांचे कागद गोळा करण्याचं काम समजून उरकून टाकतात. तुमच्यासाठी तीच भेट सर्वांत महत्त्वाची आहे. पुष्कळ ठिकाणी ती आदल्या संध्याकाळी वॉर्डात घाईघाईने होते. तारीख तीन आठवड्यांवर आहे, तेव्हा आत्ताच विचारा: “भूलतज्ज्ञांना ॲडमिट होण्याआधी ओपीडीत भेटता येईल का?” बांबोळीच्या सरकारी इस्पितळात असो वा खासगीत, ही मागणी रास्त आहे.

ते तुम्हाला काय सांगतील, त्यातलं थोडं मी आधीच सांगते. शिरेतून औषध गेलं की अर्ध्याएक मिनिटात झोप लागते. मग स्नायू सैल करणारं औषध देतात, श्वासनलिकेत नळी घालतात आणि श्वासाचं काम मशीन करतं. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवत असतो, दुसरं यंत्र उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं, दंडावरचा पट्टा दर काही मिनिटांनी प्रेशर घेतो. भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जातात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तुम्ही जाग्या होऊन स्वतः श्वास घेईपर्यंत ते तुमच्या डोक्याशी असतात. सर्जनचं लक्ष पोटात असतं तेव्हा त्यांचं लक्ष तुमच्यावर असतं. उठणं हेही नशिबावर सोडलेलं नसतं. औषध थांबवलं की त्याचा अंमल उतरतो, स्नायूंवरच्या औषधाला उतारा दिला जातो, तुम्हाला हाक मारून डोळे उघडायला सांगतात, मगच नळी काढतात. प्रगत सोयी असलेल्या देशांत केवळ भुलीमुळे मृत्यू येण्याचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास धरतात. पण हा आकडा घेऊन समाधान मानू नका. “माझं वय, माझं प्रेशर, माझे रिपोर्ट बघता माझ्या बाबतीत धोका कशाचा जास्त आहे?” असं विचारा. उत्तर तुमच्याबद्दल हवं.

आता आत्या. १९८६ साली बोटाला लावायचा तो चिमटा आपल्याकडच्या अनेक थिएटरांत नव्हता. ऑक्सिजन कमी पडतोय हे नखं आणि ओठ निळे पडल्यावर कळायचं. तेव्हाच्या भुलीवरून आजच्या भुलीचा अंदाज बांधता येणार नाही. पण आत्याची आठवण बाजूलाही सारू नका, कारण ती तुमच्या रक्ताची होती. काही मोजक्या घराण्यांत भुलीची ठरावीक औषधं न मानवण्याची प्रवृत्ती पिढीजात असते. दुर्मिळ आहे, पण भूलतज्ज्ञांना आधी ठाऊक असेल तर ते ती औषधं टाळून दुसरी वापरू शकतात. म्हणून घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला शांतपणे विचारा: ऑपरेशन कशाचं होतं? आत्या टेबलावर गेली की चार दिवसांनी वॉर्डात? भूल दिल्यावर एकाएकी अंग तापलं, आखडलं असं कुणी म्हणालं होतं का? घरात आणखी कुणाला भुलीतून उठायला फार वेळ लागला होता का? जे कळेल ते कागदावर लिहून भूलतज्ज्ञांना द्या. चार दिवसांनी वॉर्डात ताप येऊन गेली असेल, तर तो बहुधा जंतुसंसर्गाचा मामला, भुलीचा नव्हे, आणि मग तुमच्या मनातली गोष्टच बदलेल.

त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी सांगा. तुम्ही झोपेत मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का. (हे मिस्टरांना विचारा, आपल्याला स्वतःला कळत नाही.) दात हलतोय का, कवळी आहे का. आणि घेत असलेली सगळी औषधं, त्यात वैद्यांचे काढे, भस्मं आणि बाजारातली ‘साधी’ पावडरही आली. प्रेशरच्या गोळीचं नाव दाखवून विचारा: “त्या दिवशी सकाळी ही घ्यायची की नाही?” काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, तर टेल्मिसार्टनसारख्या काही त्या दिवशी बरेच भूलतज्ज्ञ थांबवतात, कारण भुलीत प्रेशर फार खाली जाऊ शकतं. शेजारणीची गोळी चालू होती म्हणून आपलीही चालते असं नसतं. ज्या वाचकांना मधुमेह आहे किंवा रक्त पातळ करणारी गोळी आहे, त्यांनी हा प्रश्न आठवडाभर आधी विचारायला हवा, कारण त्यांतल्या काही औषधांना तीन-चार दिवस किंवा अधिक आधी थांबवावं लागतं. मनाने मात्र काहीच बंद करू नका.

उपाशी राहण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मी माणसं चुकताना पाहिली आहेत. भुलीत घशाची राखण करणारी हालचाल थांबते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलातुपाचं, मासे-मटणाचं जेवण आठ तास आधी बंद. नुसतं पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या इस्पितळाचा नियम पाळा. दूध आणि दुधाचा चहा हे पाणी नव्हे, ते जेवणात धरतात. एकदा एका बाईने पहाटे पाचला अर्धा कप चहा घेतला आणि सांगितलं नाही, कारण ‘तारीख जाईल’. ट्रॉलीवर माझा हात धरून ती हळूच म्हणाली, “सिस्टर, चहानं काही होत नाही ना?” ऑपरेशन दुपारपर्यंत थांबवलं. सर्जन चिडले होते, तिच्यावरही आणि तिला नीट न समजावणाऱ्या आम्हा सगळ्यांवरही. पण ती विचारती झाली म्हणून सुखरूप राहिली. चुकून काही खाल्लं-प्यालं तर सांगा. उशीर झाला तर होऊ दे.

आता सर्जनकडे जायचं. त्यांना विचारायचे प्रश्न खूप असू शकतात. मी तुम्हाला तीनच देते, पण ते पूर्ण विचारा.

पहिला: “मी हे केलं नाही, किंवा सहा महिने थांबले, तर काय होईल?” पुढे ढकलण्याबद्दल तुम्ही मला विचारलंय, पण तो निर्णय या उत्तरावर उभा राहायला हवा. काहीच त्रास न देणारे खडे सोनोग्राफीत सहज सापडले तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. तुमचे खडे दोनदा दुखलेत, आणि असे खडे पुन्हा दुखण्याची शक्यता बरीच असते. एखादा खडा सरकून पित्ताच्या मुख्य नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिवाय सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयाचं ऑपरेशन शांत पित्ताशयापेक्षा अवघड असतं. म्हणजे भीतीपोटी सहा महिने ढकललं तर ज्या ऑपरेशनची भीती वाटते तेच अधिक कठीण होऊ शकतं. उत्तरं मिळवण्यासाठी आठ-पंधरा दिवस हवे असतील तर सर्जनना तसं सांगा, ती वेगळी गोष्ट. तोवर तळलेलं आणि खोबऱ्याचं दाट हुमण जरा लांब ठेवा. ताप, थंडी, डोळे पिवळे होणं किंवा न थांबणारी कळ आली तर मात्र तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळ गाठा. याच प्रश्नाला जोडून विचारा: “मुख्य नळीत खडा नाही याची खात्री झाली आहे का?” यकृताच्या रक्ततपासणीवरून आणि सोनोग्राफीत नळी फुगलेली आहे का यावरून त्यांना अंदाज येतो. शंका असेल तर आधी आणखी एक तपासणी लागते.

दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: “आत नीट दिसलं नाही तर तुम्ही काय कराल?”

हा प्रश्न का, ते सांगते. पित्ताशय यकृताखाली लोंबतं. त्याची स्वतःची एक बारीक नळी असते, ती पित्ताच्या मुख्य नळीला मिळते. ऑपरेशनमध्ये दोनच गोष्टी कापायच्या असतात, ती बारीक नळी आणि पित्ताशयाला रक्त नेणारी धमनी. या ऑपरेशनची खरी गंभीर चूक म्हणजे मुख्य नळीलाच बारीक नळी समजणं. हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या बाबतीत मुख्य नळीला इजा होते, आणि मग मोठं दुरुस्तीचं ऑपरेशन लागू शकतं. हे टाळण्यासाठी सर्जन काय करतात? चरबी आणि पडदे बाजूला करून, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवून, पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी डोळ्यांना स्वच्छ दिसेपर्यंत काहीच कापत नाहीत. १९९५ साली अमेरिकेतल्या स्ट्रासबर्ग या सर्जननी हा नियम नीट मांडला आणि आज जगभर तो शिकवतात.

पण सूज जुनी असेल तर कधीकधी तेवढं स्वच्छ दिसतच नाही. मग शहाणा सर्जन थांबतो. पोटावर नेहमीचा मोठा छेद घेऊन उघड्याने करतो, किंवा धोक्याचा भाग न छेडता पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवतो, किंवा दुसऱ्या अनुभवी सर्जनला बोलावतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनांत उघडं करण्याची वेळ थोड्यांवरच येते. मी थिएटरमध्ये ते दोन्ही तऱ्हांनी पाहिलंय, वेळेवर थांबलेले सर्जन आणि ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत राहिलेले. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना मोठा छेद म्हणजे काहीतरी बिघडलं असं वाटतं. मला ते आधी समजावलेलं असावं असं नेहमी वाटायचं, कारण तो छेद बहुधा पेशंटला वाचवण्यासाठीच घेतलेला असतो.

म्हणून उत्तर कसं येतं ते ऐका. “दिसलं नाही तर मी उघडून करीन, तुमच्या संमतीपत्रात तसं लिहिलंय, मग चार-पाच दिवस राहावं लागेल,” असं उत्तर आलं तर त्या माणसाने त्या वेळेचा विचार करून ठेवलाय. “असं माझ्याकडे कधी होतच नाही,” असं उत्तर आलं तर मी तरी आणखी एका सर्जनचं मत घेईन. शिकवणाऱ्या इस्पितळात असाल तर सोबत एवढंही विचारा: “ऑपरेशन कोण करणार आणि अनुभवी सर्जन पूर्ण वेळ थिएटरमध्ये असतील ना?” शिकणारे डॉक्टर असणं वाईट नाही. त्यांच्या शेजारी कोण उभं आहे हे महत्त्वाचं.

तिसरा प्रश्न घरी आल्यानंतरचा: “काय झालं तर ते नेहमीचं, काय झालं तर लगेच यायचं, आणि रात्री कुणाला फोन करायचा?” पोट फुगवण्यासाठी आत कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो. हे आधी ठाऊक नसेल तर माणसाला वाटतं हृदयाचंच काही झालं. नळीमुळे घसा खवखवतो, एखाद-दुसरी उलटी होते. पण दुखणं दर दिवशी थोडं कमी होत जायला हवं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दिवसापेक्षा पोट जास्त दुखत असेल, ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, जखमेतून हिरवट-पिवळं पाणी येत असेल, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. मुख्य नळीची इजा बऱ्याचदा अशीच, घरी आल्यावर उघड होते, आणि लवकर कळली तर तिला सांभाळता येतं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर खांद्याचंच असेल म्हणून बसू नका, थेट १०८ ला फोन करा.

आता डॉक्टर रागावण्याचं. तुम्ही देवीपुढे कौल लावलात तेव्हा पुजाऱ्यांनी गाऱ्हाणं कसं घातलं ते आठवा. नाव, गाव, कशासाठी आलो, काय हवंय, सगळं एकेक करून, स्पष्ट. मोघम विचारलं तर पाकळीचा अर्थ तरी काय लावणार? डॉक्टरांपुढेही तसंच गाऱ्हाणं घाला. ओपीडीत शिरताच म्हणा, “डॉक्टर, मला तीन प्रश्न विचारायचेत, पाच मिनिटं लागतील. आज वेळ नसेल तर कधी येऊ?” कागद त्यांच्या टेबलावर ठेवा. तीन प्रश्न मोजून सांगितलेले असले की ऐकणाऱ्यालाही सोपं जातं. मी पाहिलेल्या बहुतेक सर्जनांना प्रश्नांचा नव्हे, ऐन ट्रॉलीवर सुरू होणाऱ्या प्रश्नांचा त्रास व्हायचा. मिस्टरांना सोबत न्या, पण बोला तुम्ही. उत्तरं त्यांना लिहून घ्यायला सांगा. भीतीत अर्धं ऐकूच येत नाही.

संमतीपत्रावर सहीही तुमचीच हवी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या पेशंटच्या ऑपरेशनला संमती त्याचीच लागते, आणि ज्या ऑपरेशनसाठी संमती दिली त्यापुरतीच ती असते. जिवावर बेतलं तरच अपवाद. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत किंवा कोकणीत वाचून दाखवायला सांगा. ‘गरज पडल्यास उघडं ऑपरेशन’ असं त्यात दिसलं तर घाबरू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

एवढं करूनही रात्री दोनला जाग आलीच तर भूलतज्ज्ञांना तेही सांगा. आदल्या रात्री झोपेसाठी सौम्य गोळी देता येते, पण ती त्यांनी ठरवायची, घरातल्या पेटीतली नाही.

त्या सकाळी नखांवर रंग नको, तो बोटाच्या चिमट्याच्या आड येऊ शकतो. मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवा. थिएटरच्या दारात कुणीतरी सिस्टर तुम्हाला विचारेल, नाव काय, कशाचं ऑपरेशन, कशाची ॲलर्जी आहे का. कागदावर सगळं लिहिलेलं असूनही का विचारतात, असं वाटेल. भुलीआधी, पहिल्या छेदाआधी आणि शेवटी असं तीनदा थांबून सगळ्यांनी मोठ्याने खात्री करून घेण्याची ही यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली. दिल्ली धरून जगातल्या आठ शहरांतल्या इस्पितळांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण शंभरात दीडवरून एकाच्याही खाली आलं. तेव्हा सिस्टरने विचारलं की मान हलवू नका. स्वतःचं पूर्ण नाव आणि ‘पित्ताशय काढायचंय, दुर्बिणीने’ हे तुमच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.